दोरीने मोजलेली पाकळी आणि बारा गुणांची तफावत : सोसायटीतील रांगोळी स्पर्धेच्या परीक्षणाचे एक प्रकरण

दिवाळीतली सोसायटीची रांगोळी स्पर्धा. बारा स्पर्धक, तीन परीक्षक, प्रत्येक रांगोळीला सममिती, नावीन्य, रंगसंगती आणि फिनिशिंग या चार निकषांवर २५-२५ असे एकूण १०० गुण. गुणपत्रक नेहमीसारखेच होते, परीक्षकही मन लावून पाहणारे होते, तरी बेरीज केल्यावर जो निकाल आला तो तिघांपैकी दोघांना पटेना. असे का झाले आणि ते कसे सोडवले, याचा हा तपशील. यातले बारकावे अशा स्पर्धांमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टींवरून जुळवले आहेत. कोणती एक सोसायटी डोळ्यांपुढे नाही.

मांडणी अशी होती. पार्किंगमध्ये खडूने पाच फूट बाय पाच फुटांचे बारा चौकोन आखले होते, त्यात साडेचार फुटांपर्यंतची रांगोळी काढायची. वेळ सकाळी ९ ते ११.३०. विषय खुला, प्रकारही खुला : ठिपक्यांची, संस्कारभारती पद्धतीची, मुक्तहस्त, काहीही चालेल. छाप आणि जाळीचे साचे मात्र चालणार नव्हते. चौकोनाशेजारी फक्त क्रमांक, नाव नाही. वेळ संपल्याबरोबर एका कार्यकर्त्याने स्टुलावर उभे राहून प्रत्येक रांगोळीचा वरून फोटो घेतला आणि त्या फोटोत चौकोनाच्या कडेला एक फूटपट्टी ठेवली. हे शेवटचे काम पुढे फार उपयोगी पडले.

परीक्षकांनी पहिली फेरी कागद-पेन न घेता मारली. बाराही रांगोळ्या एकदा पाहून झाल्याशिवाय गुण लिहायचे नाहीत, असे त्यांनी आधी ठरवले होते. हा नियम मोडला की पहिल्या दोन-तीन रांगोळ्यांना २२-२३ गुण दिले जातात आणि नंतर खरोखर उजवी रांगोळी समोर आली की द्यायला गुणच उरत नाहीत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक रांगोळीपाशी चार मिनिटे, म्हणजे बारांसाठी सुमारे पाऊण तास. त्यानंतर प्रत्येकाने आपापले गुण एकमेकांना न दाखवता दिले.

सममिती : जिथे दोरी होती तिथे

चौथ्या रांगेतली ९ क्रमांकाची रांगोळी बघ्यांची सर्वांत आवडती होती. मोठे अष्टदल कमळ, चोवीस इंचांच्या त्रिज्येचे, भोवती गोपद्मांची आणि सर्परेषांची किनार. समोरून पाहिले तर नजर ठरत नव्हती. परीक्षकांकडे एक साधी सुतळी आणि एक टेप होता. सुतळीचे एक टोक मध्यबिंदूवर, हवेत जरासे वर धरायचे (रांगोळीला टेकले की रेघ पुसली जाते), आणि दुसरे टोक एकेका पाकळीच्या टोकावर न्यायचे. आठही पाकळ्यांची लांबी जवळजवळ सारखी भरली. मग शेजारच्या दोन टोकांमधले अंतर घेतले. चोवीस इंच त्रिज्येच्या अष्टदलात ते सगळीकडे १८.४ इंच, म्हणजे साधारण साडेअठराच्या आतच यायला हवे. सात ठिकाणी ते पावणेएकोणीस निघाले आणि आठव्या ठिकाणी पावणेसोळा.

हा दोष कुठून येतो हे रांगोळी काढणाऱ्या कुणालाही ओळखीचे असेल. पहिली पाकळी काढली, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, असे गोल फिरत गेले की प्रत्येक वेळी अर्ध्या इंचाहूनही कमी चूक होते. ती डोळ्याला दिसत नाही, पण साचत जाते आणि सगळी मिळून शेवटच्या पाकळीवर कोसळते. ती आखडते. याउलट आधी चार दिशांना चार पाकळ्या, मग त्यांच्या बरोबर मध्ये चार, असे काढले की चूक साचायला जागाच मिळत नाही. ९ क्रमांकाची आखडलेली पाकळी भिंतीच्या बाजूला होती, म्हणून समोर उभ्या असलेल्या बघ्यांना ती दिसत नव्हती. उभ्या माणसाला रांगोळीचा लांबचा अर्धा भाग तसाही जरा चेपलेला दिसतो, त्यामुळे तिथली चूक दृष्टिभ्रमात खपून जाते. परीक्षकाने चारही बाजूंनी फिरायचे ते यासाठी.

तिन्ही परीक्षकांनी या रांगोळीला सममितीचे गुण दिले ते १४, १५ आणि १५. एकमेकांचा कागद न पाहता.

ठिपक्यांच्या ७ क्रमांकाच्या रांगोळीतही दोरी लावली. ती पंधरा ते आठ, मधल्या ठिपक्यांची होती : मधल्या ओळीत १५ ठिपके आणि वर-खाली एकेक कमी होत आठपर्यंत, एकूण १६९. ओळीतल्या ठिपक्यांत तीन इंचांचे अंतर. या प्रकारात एक खोच आहे. ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये येतो, म्हणून दोन ओळींमधले अंतर तीन इंच ठेवून चालत नाही, ते थोडे कमी, २.६ इंचांच्या आसपास लागते. तीनच ठेवले तर षट्कोन उभा ताणला जातो आणि मग कितीही सुबक जोडणी केली तरी चांदणी उंचाडी दिसते. तपासायचे तर मध्यापासून सहा कोपऱ्यांपर्यंतचे अंतर मोजावे. बरोबर मांडणीत सहाही कोपरे २१ इंचांवर येतात, ताणलेल्या मांडणीत वरचे-खालचे चार कोपरे साडेतेवीसपर्यंत जातात. या रांगोळीत सहाही अंतरे २१ आणि साडेएकवीसच्या दरम्यान होती. गुण : २३, २२, २२.

इथवर तिघे परीक्षक एकाच माणसासारखे गुण देत होते. मापाने तपासता येईल अशी गोष्ट असली की तफावत एखाद्या गुणाची राहते.

बेरीज आणि अडचण

सगळे कागद एकत्र आल्यावर वरच्या चार रांगोळ्या अशा होत्या. उरलेल्या आठ, ९ क्रमांकासह, तिघांच्याही कागदावर या चारांच्या खाली होत्या.

| क्रमांक | प्रकार | पहिले परीक्षक | दुसरे | तिसरे | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| ३ | संस्कारभारती गालिचा | ८४ | ८३ | ८६ | २५३ |
| ७ | ठिपक्यांची | ८६ | ८५ | ७४ | २४५ |
| ५ | मोर | ७९ | ७८ | ७९ | २३६ |
| १० | मुक्तहस्त कंदील | ८२ | ८१ | ६८ | २३१ |

बेरजेने पहिला क्रमांक ३, दुसरा ७, तिसरा ५. पण पहिल्या दोन्ही परीक्षकांच्या मते ७ सर्वांत वर होती आणि १० ही ५ पेक्षा चांगली होती. तिसऱ्या परीक्षकांच्या एका कागदाने दोन्ही जागा फिरवल्या होत्या.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो गुण सोडून क्रमांक धरण्याचा. प्रत्येक परीक्षकाने दिलेला क्रमांक घ्यायचा आणि ज्याची बेरीज कमी तो वर. करून पाहिले. ७ क्रमांकाची बेरीज १+१+३ म्हणजे ५, आणि ३ क्रमांकाची २+२+१ म्हणजेही ५. तिसऱ्या जागेसाठी १० क्रमांकाचे ३+३+४ असे १०, आणि ५ क्रमांकाचे ४+४+२ असे पुन्हा १०. दोन्हीकडे बरोबरी. हात आखडता असलेला आणि हात सैल असलेला परीक्षक एकत्र आले तर ही पद्धत उपयोगी पडते, कारण त्यांचा क्रम सारखाच असतो, फक्त आकडे वेगळे असतात. इथे क्रमच वेगळा होता. आकडेमोड बदलून हे सुटणार नव्हते.

म्हणून बेरजा बाजूला ठेवून चारही रकाने वेगवेगळे पाहिले. रंगसंगतीत तिघांची तफावत एखाद्या गुणाची. फिनिशिंगमध्येही तेवढीच. सगळी दरी दोनच खणांत सापडली : ७ क्रमांकाचे नावीन्य १९, २० आणि ८; १० क्रमांकाची सममिती १९, १८ आणि ६. दोन्ही ठिकाणी फरक बारा गुणांच्या आसपास. तिसऱ्या परीक्षकांचा हात कडक होता असे म्हणायला आधार नव्हता, कारण इतर सर्व खणांत ते इतरांसारखेच होते. या दोन खणांत त्यांनी निकषाचा अर्थच वेगळा घेतला होता. आणि गुणपत्रकावर अर्थ लिहिलेला नसल्यामुळे तो चूक आहे असेही म्हणता येत नव्हते.

एका बाजूला कंदील

१० क्रमांकाच्या रांगोळीत गेरूच्या जमिनीवर वर उजव्या कोपऱ्यात आकाशकंदील होता, त्याच्या झिरमिळ्या तिरप्या उडत होत्या आणि खाली डावीकडे एकच पणती. मधली बरीच जागा मोकळी. तिसऱ्या परीक्षकांचे म्हणणे सरळ होते : "उजवी बाजू भरलेली, डावी रिकामी. यात सममिती कुठे शोधायची?" शब्द धरला तर त्यांचे बरोबरच आहे. पण मग प्रकार खुला ठेवून मुक्तहस्त रांगोळीला बोलावायचे आणि २५ गुण आधीच कापायचे, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या दोघांनी सममिती हा शब्द समतोल असा वाचला होता.

समतोल नजरेनेच ठरवावा लागतो, तरी तो मोघम नाही. तिघांनी फोटो समोर ठेवून दोन गोष्टी करून पाहिल्या. प्रथम पणती हाताने झाकली. झाकताच सगळे चित्र उजवीकडे कलंडल्यासारखे वाटले, म्हणजे ती एवढीशी पणती कंदिलाचा भार खरोखर तोलत होती. नंतर मोकळी जागा झाकून फक्त आकृत्या पाहिल्या. कंदील आणि पणतीचा संबंधच तुटला. म्हणजे ती जागा भरायची राहून गेलेली नव्हती, मुद्दाम सोडलेली होती. झाकल्याने काहीच बिघडले नसते तर ती जागा खरोखर रिकामी होती असे म्हणता आले असते. झिरमिळ्यांची दोन टोके मात्र चौकटीला जवळजवळ टेकत होती आणि नजर तिथून बाहेर निसटत होती. त्यासाठी पहिल्या दोघांनी सहा-सात गुण कापलेच होते. हे पाहिल्यावर तिसऱ्या परीक्षकांनी ६ चे १८ केले.

पुष्कळ ठिकाणी यावर ठिपके, गालिचा आणि मुक्तहस्त असे वेगळे गट करतात. तीस-चाळीस स्पर्धक असतील तर ते योग्यच. बारांमध्ये मात्र एखाद्या गटात तीनच रांगोळ्या येतात आणि तिघींनाही बक्षीस मिळते. त्यापेक्षा स्पर्धकाने सुरुवातीलाच चिठ्ठीवर लिहून द्यावे : रांगोळी मध्याभोवती फिरणारी आहे, दोन बाजूंना आरशासारखी आहे, की मुक्त आहे. पहिल्या दोघींना दोरी लावायची, तिसरीला समतोल पाहायचा. लिहून घेण्याचा आणखी एक फायदा असा, की गोल रांगोळी फसल्यावर "ती मुक्तच होती" असे ऐनवेळी म्हणता येत नाही.

ठिपके कुणाचे, मोर कुणाचा

नावीन्याचा गुंता याहून अवघड निघाला. ७ क्रमांकाच्या रांगोळीला आठच गुण देण्याचे कारण तिसऱ्या परीक्षकांनी कागदावर लिहिले होते : पंधरा ते आठ ही पुस्तकातली मांडणी, घरोघरी काढतात. त्याच परीक्षकांनी मोराला २० दिले होते, आणि इतर दोघांनीही १९ आणि १८. मोराची मान उलटी वळलेली होती आणि पिसाऱ्याच्या जागी पणत्यांची माळ होती, तशी रांगोळी तिघांनीही पूर्वी पाहिलेली नव्हती. कार्यकर्त्याने मोराचा फोटो इंटरनेटवर टाकून शोधला. तीच मान, तीच माळ, पणत्यांची संख्याही तीच, अशी रांगोळी चार-पाच ठिकाणी सापडली.

इथे दोष स्पर्धकाचा नाही. पाहून काढू नये असा नियम नव्हता आणि काढली होती तीही देखणी. चूक परीक्षणात होती. ओळखीच्या परंपरेला दंड आणि अनोळखी नकलेला बक्षीस, असे होत होते. तिघांच्याही मनात नावीन्य म्हणजे 'मी हे आधी पाहिलेले नाही' असा अर्थ होता, आणि तो परीक्षकाने काय काय पाहिले आहे यावर अवलंबून राहतो.

रांगोळीत पूर्णपणे नवे असे फार थोडे असते. ठिपक्यांची मांडणी ही सामाईक मालमत्ता आहे, पूर्वी उदबत्तीने भोके पाडलेले ठिपक्यांचे कागद एका घरातून दुसऱ्या घरात जात. संस्कारभारती पद्धतीतली शंख, स्वस्तिक, गोपद्म, कमळ ही चिन्हेही तशीच सर्वांची. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की हाती आलेल्या गोष्टीचे या स्पर्धकाने काय केले. ७ क्रमांकात मधली चांदणी नेहमीचीच होती. पण बाहेरच्या दोन कड्यांमध्ये तेच ठिपके वेगळे जोडून सलग पणत्या निघाल्या होत्या, एकीची वात दुसरीच्या तळाशी मिळत होती, आणि त्यासाठी एकही ठिपका वाढवला किंवा खोडला नव्हता. ज्यांनी ठिपके जोडले आहेत त्यांना हे किती कठीण ते कळेल : सहा बाजूंपैकी एका ठिकाणी जोडणी चुकली तर साखळी बंदच होत नाही. ३ क्रमांकाच्या गालिच्यात चिन्हे सुरेख होती, पण क्रम नेहमीचा, एकात एक वर्तुळे आणि त्यांत ठरलेली चिन्हे. तिला तिघांनीही दिलेले २० गुण या मापाने थोडे जास्तच होते.

म्हणून तिघांनी वरच्या चारही रांगोळ्यांचा नावीन्याचा रकाना एकाच प्रश्नावर पुन्हा लिहिला. फक्त तिसऱ्यांनीच आपले गुण बदलायचे, असे केले असते तर ते एकट्याला वाकवणे झाले असते. ७ ला १९, १९, १८. ३ ला १८, १८, १७. ५ ला १०, ११, १०. १० चे २४, २३, २२ तसेच राहिले. नव्या बेरजा : ७ क्रमांक २५४, ३ क्रमांक २४६, १० क्रमांक २४३, ५ क्रमांक २१०.

जे दोन रकाने पुन्हा उघडले नाहीत

रंगसंगती आणि फिनिशिंग फोटोवरून पुन्हा तपासायची नाही, हे ठरवले ते बरोबरच होते. फोन स्वतःच रंग उजळवतो, आणि रेघेची जाडी वरून काढलेल्या फोटोत नीट कळत नाही. तसे या दोन्हींत वादही नव्हता, कारण परीक्षकांनी आधी थोडे बोलून घेतले होते.

रंगांची संख्या मोजायची नाही, हे पहिले. बारा रंग वापरलेली रांगोळी चार रंगांच्या रांगोळीपेक्षा सरस नसते. शंका आली की जागेवरच फोनमध्ये कृष्णधवल फोटो काढून पाहायचा, तेवढ्यासाठी फोन चालतो. मोराच्या मानेतला निळा आणि हिरवा त्यात एकच राखाडी झाला, म्हणजे उजळ-गडदपणात फरकच नव्हता आणि दुरून मान सपाट का दिसते ते कळले. पिवळ्याशेजारी पांढरी रेघ असेल तर तीही अशीच हरवते. संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात परीक्षण केले की हा दोष सगळ्याच रांगोळ्यांत दिसू लागतो, म्हणून सकाळचा उजेड बरा.

फिनिशिंगमध्ये एक घोळ नेहमी होतो : वाकड्या रेघेचे गुण सममितीतही कापले जातात आणि इथेही. त्यांनी विभागणी अशी केली होती, की रेघ कुठे आहे ते सममितीत आणि रेघ कशी आहे ते फिनिशिंगमध्ये. चिमटीतून सुटणारी रेघ एकसारखी जाडीची आहे का, हात थांबला तिथे गाठ पडली आहे का, भरलेल्या रंगातून जमीन डोकावते का, कडेला सांडलेला रंग कुंचल्याने झाडला आहे का, ओढणीचा किंवा पदराचा फराटा कुठे उमटला आहे का, एवढेच पाहायचे. १० क्रमांकाला इथे १८, १८, १९ मिळाले, कारण तिच्या चौकोनाखाली पेव्हर ब्लॉक होते आणि सांध्यात रंग उतरून कंदिलावर दोन काळ्या फटी दिसत होत्या. बाकी बहुतेक चौकोन गुळगुळीत कोब्यावर होते. तिला सहानुभूतीचे गुण दिले नाहीत. किती द्यायचे याला मापच नसते. पण जागा चिठ्ठ्या टाकून द्यायला हव्या होत्या आणि सांधे आदल्या रात्री बारीक कोरड्या वाळूने बुजवायला हवे होते. ते काम आयोजकांचे.

हे सगळे निकाल जाहीर होण्याआधी, त्याच दुपारी झाले, म्हणून गुण बदलता आले. एकदा निकाल सांगितला की बदलायचा नाही, फार तर कारण सांगायचे, असे समितीने लिहून ठेवले होते. जुने आकडे खोडले नाहीत. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा आणि तिन्ही परीक्षकांच्या सह्या. संध्याकाळी मोर काढणाऱ्या स्पर्धकाने विचारणा केली तेव्हा तो कागद तिच्यासमोर ठेवता आला. "ताई, मोर पाहून काढला यासाठी बाद केलेला नाही. रंगाचे आणि सफाईचे गुण जसेच्या तसे आहेत. फक्त नावीन्यात जे तुमचे स्वतःचे होते तेवढ्याचेच धरले," असे सांगून तिचे चारही रकाने तिला दाखवले. पुढच्या वर्षीच्या अर्जात एक ओळ वाढली : नमुना कुठून घेतला असल्यास लिहावे, आणि त्यात स्वतः काय बदलले तेही लिहावे.